पेट्या कमी आल्या, काही फुटल्या: ट्रान्सपोर्टरला क्लेमचं पत्र कसं लिहावं

प्रश्न: कोल्हापुरात इलेक्ट्रिकल मालाच्या घाऊक व्यापाऱ्याचं गोडाऊन मी सांभाळतो. भिवंडीहून ४ जूनला एलईडी बल्बच्या १२० पेट्या बुक झाल्या, ७ जूनला गाडी आली. भाडं टू-पे, आम्हीच देतो. पेट्या ११६ च भरल्या, त्यातल्या ९ ओल्या आणि चेपलेल्या. पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या कागदावर, तसा शेरा मारला, ड्रायव्हरची सही घेतली. दुसऱ्या दिवशी माल लावताना आणखी दोन पेट्यांत नग कमी निघाले, त्यांचा शेरा नाही. शेठ म्हणतात क्लेमचं पत्र टाक. मागच्या वेळी टाकलं होतं, उत्तरच आलं नाही. पत्रात नेमकं काय लिहू?

उत्तर:

मागचं पत्र मी पाहिलेलं नाही, पण उत्तर न येणारी पत्रं बहुधा एकाच साच्याची असतात. "आपल्या गाडीने आलेला माल कमी व खराब मिळाला, तरी योग्य ती नुकसानभरपाई द्यावी." ट्रान्सपोर्टरच्या क्लेम विभागातल्या माणसाला यावर काहीच करता येत नाही. एलआरचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर शोधायचा कुठून, किती पेट्या, किती रुपये, कशावरून, हे सगळं त्याने विचारत बसायचं. तो विचारत नाही, कागद बाजूला ठेवतो. पत्र असं हवं की ते हातात घेऊन त्याला त्यांच्या रजिस्टरमधली नोंद, गाडी आणि पीओडी लगेच काढता यावी, आणि रकमेचा प्रत्येक आकडा बिलावरून पडताळता यावा.

लिहायला बसण्याआधी नुकसान तीन वेगळ्या गठ्ठ्यांत विभागा. तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत आणि तिन्हींचा पुरावा वेगळ्या ताकदीचा आहे.

पहिला गठ्ठा, न आलेल्या ४ पेट्या. हा सगळ्यांत भक्कम. एलआरवर १२० पेट्या लिहिल्यात आणि पीओडीवर "११६ मिळाल्या" असा शेरा ड्रायव्हरच्या सहीनिशी आहे. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ च्या कलम ९ प्रमाणे मालाच्या पावतीवर, म्हणजे एलआरवर, लिहिलेली पेट्यांची संख्या प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. "आम्ही मोजून घेतल्या नव्हत्या" हे म्हणणं सिद्ध करायची जबाबदारी मग त्यांच्यावर येते.

दुसरा गठ्ठा, ९ ओल्या-चेपलेल्या पेट्या. शेरा आहे, पण शेरा पेटीच्या बाहेरच्या अवस्थेचा आहे. आत किती बल्ब गेले हे तुम्ही ठरवायचं आणि दाखवायचं आहे. इथे बरेच जण ९ पेट्यांची पूर्ण किंमत लावून मोकळे होतात आणि तिथेच क्लेम अडकतो. त्यांचा माणूस पाहणीला येतो, पेटी उघडतो, वरच्या थरातले दहा-पंधरा नग फुटलेले, खालचे धडधाकट. एकदा असा फुगवलेला आकडा सापडला की तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून नऊच्या नऊ पेट्या रिकाम्या करा, प्रत्येक बल्ब होल्डरला लावून बघा, आणि पेटीनिहाय तक्ता करा: पेटी क्रमांक, एकूण नग, फुटके, न पेटणारे, चांगले. तक्त्यावर तुमची, हमालाची आणि शक्य असेल तर ट्रान्सपोर्टच्या शाखेतल्या कोणाची सही घ्या. शाखेचा माणूस येत नसेल तर "दि. अमुक रोजी फोनने आणि ईमेलने बोलावले, आले नाहीत" एवढी ओळ तक्त्याखाली लिहा.

तिसरा गठ्ठा, नग कमी निघालेल्या दोन पेट्या. हा कमजोर आहे. पीओडीवर या दोन पेट्या "चांगल्या स्थितीत मिळाल्या" यातच मोडतात, आणि ट्रान्सपोर्टर म्हणणारच की नग तुमच्या गोडाऊनमध्ये गेले, किंवा भिवंडीहून भरतानाच कमी भरले. तरीही हा क्लेम सोडू नका. पेट्यांची टेप नीट बघा. कंपनीची छापील टेप काढून वर साधी खाकी टेप मारलेली असेल तर त्या जागेचा जवळून फोटो घ्या. मग पेटीचं वजन करा. पॅकिंग लिस्टमध्ये भरलेल्या पेटीचं वजन समजा ४.६ किलो आहे आणि तुमच्या काट्यावर या दोन पेट्या ३.५ आणि ३.२ भरत असतील, आणि शेजारची चांगली पेटी बरोबर ४.६ भरत असेल, तर टेप आणि वजन मिळून वाटेत पेटी उघडल्याचं चित्र उभं राहतं. टेप कंपनीचीच आणि शाबूत असेल तर मात्र हा वाद ट्रान्सपोर्टरशी घालू नका. ती तूट माल पाठवणाऱ्याकडची आहे, त्याच्याकडून क्रेडिट नोट मागा.

पत्रातही हा तिसरा गठ्ठा वेगळ्या बाबीत, वेगळ्या रकमेने ठेवा. तो नाकारला गेला तरी पहिल्या दोघांचा हिशेब हलत नाही.

आता रक्कम. तुम्ही दर दिलेले नाहीत, म्हणून मी धरून चालतो: पेटीत ५० बल्ब, बिलाचा दर ७२ रुपये, जीएसटी १८ टक्के. पेटी ३,६०० रुपयांची, करासह ४,२४८ रुपयांची. भाडं पेटीमागे ८५ रुपये, म्हणजे १२० पेट्यांचं १०,२०० रुपये. नऊ पेट्यांतल्या ४५० बल्बांपैकी १७४ निकामी, २७६ चांगले. दोन पेट्यांत मिळून ३१ नग कमी.

जीएसटी क्लेममध्ये धरायचा का, यावर ट्रान्सपोर्टर हमखास अडून बसतात: "कर तुम्हाला परत मिळतो, तो आमच्याकडून कशाला?" हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, असं सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) सांगतं. न आलेल्या मालावर तर क्रेडिट घेताच येत नाही, कारण क्रेडिटसाठी माल मिळालेला असणं ही अट आहे. म्हणजे तो कर तुमच्या खिशातून गेला, आणि म्हणून क्लेममध्ये आला. फक्त तुमच्या अकाउंटंटला आजच सांगून ठेवा. त्याने पूर्ण बिलावर क्रेडिट घेतलं आणि तुम्ही इकडे कर वसूल केला, तर ते चुकीचं होईल. तुमचा जीआरएन, म्हणजे गोडाऊनमध्ये माल मिळाल्याची नोंद, ११६ पेट्यांचाच हवा, आणि निकामी नग वेगळ्या खात्यात.

विक्रीचा दर किंवा बुडालेला नफा लावू नका. बिलाचा दर हा एकमेव दर असा आहे ज्यावर समोरच्याला बोट ठेवता येत नाही.

या आकड्यांवर पत्र असं होईल:

> दिनांक: १० जून
>
> प्रति,
> व्यवस्थापक, क्लेम विभाग,
> (एलआरवर छापलेलं ट्रान्सपोर्ट कंपनीचं पूर्ण नाव आणि मुख्य कार्यालयाचा पत्ता)
>
> विषय: एलआर क्र. ____, दि. ४ जून, भिवंडी ते कोल्हापूर, १२० पेट्या. ४ पेट्या कमी, ९ पेट्यांतील माल खराब, २ पेट्यांत नग कमी. रु. ३४,७४८.८० चा क्लेम आणि कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ च्या कलम १६ खालील नोटीस.
>
> महोदय,
>
> वरील एलआरने, बिल क्र. ____ दि. ____ प्रमाणे एलईडी बल्बच्या १२० पेट्या आपल्याकडे भिवंडी येथे बुक झाल्या. आपल्या गाडी क्र. ____ ने दि. ७ जून रोजी आमच्या गोडाऊनला माल उतरला. उतरवताना ११६ पेट्या भरल्या. त्यांपैकी ९ पेट्या ओल्या व चेपलेल्या होत्या. तसा शेरा पीओडीवर आहे व त्यावर आपल्या ड्रायव्हरची सही आहे.
>
> दि. ८ जून रोजी माल लावताना पेटी क्र. ____ व ____ यांची मूळ टेप काढून दुसरी टेप लावलेली आढळली. त्यांचे वजन अनुक्रमे ३.५ व ३.२ किलो भरले. पॅकिंग लिस्टप्रमाणे ते प्रत्येकी ४.६ किलो हवे. उघडून मोजल्यावर ३१ नग कमी निघाले. त्याच दिवशी आपल्या कोल्हापूर शाखेस ईमेलने कळवले आहे.
>
> आमचे नुकसान पुढीलप्रमाणे:
>
> बाब १. कमी मिळालेल्या ४ पेट्या, २०० नग × रु. ७२ = रु. १४,४००, जीएसटी रु. २,५९२, एकूण रु. १६,९९२.००
>
> बाब २. ९ पेट्यांतील निकामी १७४ नग × रु. ७२ = रु. १२,५२८, जीएसटी रु. २,२५५.०४, एकूण रु. १४,७८३.०४
>
> बाब ३. दोन पेट्यांतील कमी ३१ नग × रु. ७२ = रु. २,२३२, जीएसटी रु. ४०१.७६, एकूण रु. २,६३३.७६
>
> बाब ४. न मिळालेल्या ४ पेट्यांचे भाडे, प्रत्येकी रु. ८५ = रु. ३४०.००
>
> एकूण क्लेम रु. ३४,७४८.८० (अक्षरी रुपये चौतीस हजार सातशे अठ्ठेचाळीस व पैसे ऐंशी फक्त).
>
> ९ पेट्यांतील उरलेले २७६ नग चांगले असून आम्ही ठेवून घेतले आहेत, त्यांचा क्लेम नाही. निकामी १७४ नग व सर्व ११ पेट्यांची खोकी आमच्याकडे वेगळी ठेवली आहेत. आपल्या प्रतिनिधीने दि. २० जूनपर्यंत कोणत्याही कामाच्या दिवशी पाहणी करावी. रक्कम मिळाल्यावर निकामी नग आपण घेऊन जाऊ शकता.
>
> कमी असलेल्या ४ पेट्या आपल्या कोणत्याही गोडाऊनमध्ये सापडल्यास व ठीक स्थितीत पोहोचवल्यास बाब १ व ४ मागे घेण्यात येतील.
>
> हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत क्लेमची रक्कम द्यावी अथवा नाकारण्याची कारणे लेखी कळवावीत.
>
> सोबत: एलआर, बिल, पॅकिंग लिस्ट व शेरा असलेल्या पीओडीची प्रत, पेटीनिहाय मोजणी तक्ता, वजनाची नोंद, फोटो.
>
> आपला,
> (नाव, स्टोअर्स मॅनेजर, फर्मचा शिक्का)
>
> प्रत: कोल्हापूर शाखा, भिवंडी बुकिंग शाखा, माल पाठवणारी फर्म, विमा कंपनी.

यातली काही वाक्यं सहज घातलेली वाटतील, पण ती जाणीवपूर्वक आहेत. "२७६ नग चांगले आहेत, त्यांचा क्लेम नाही" या ओळीने वाचणाऱ्याला कळतं की समोर मोजून लिहिणारा माणूस आहे. "निकामी नग वेगळे ठेवलेत" ही ओळ लिहिली तर ती पाळावीही लागते. हमालांनी फुटके बल्ब दोन दिवसांत भंगारात टाकले आणि पंधरवड्याने पाहणीला माणूस आला, की बाब २ मध्ये हातात फक्त फोटो उरतात. पेट्या सापडल्या तर क्लेम मागे घेऊ हे वाक्य तर हवंच. पार्सलच्या धंद्यात पेट्या दरवेळी चोरीलाच जातात असं नाही. हबवर गाडी बदलताना त्या चुकून दुसऱ्या गावच्या गाडीत चढतात आणि सांगली किंवा बेळगावच्या गोडाऊनमध्ये नाव न कळल्याने पडून राहतात. या ओळीमुळे त्यांना शोधण्यात फायदा दिसतो.

विषयाच्या ओळीत कलम १६ का, तर त्याशिवाय पुढचं दार बंद होतं. माल हरवल्याची किंवा खराब झाल्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टरला दिलेली नसेल, तर नंतर दावा दाखल करता येत नाही. दिवस बुकिंगपासून मोजतात, माल मिळाल्यापासून नाही. तुमच्या बाबतीत ४ जूनपासून १८० वा दिवस १ डिसेंबरला येतो. "बघतो, शोधतोय, पुढच्या आठवड्यात सांगतो" असं करत शाखेने दिवाळी ओलांडून नेली की मुदत हातातून जायला आलेली असते. फोनवरची बोलणी नोटीस ठरत नाहीत. म्हणून शोधाशोध चालू असली तरी पत्र आत्ताच द्या. मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. शाखेत एक प्रत हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. शाखेने शिक्का द्यायला नकार दिला तर वाद घालू नका, पोस्टाची पोच पुरेशी आहे.

उत्तरात तुम्हाला साधारण तीन कारणं ऐकू येतील.

पहिलं, "एलआरवर ओनर्स रिस्क छापलंय." या शिक्क्याने त्यांची जबाबदारी संपत नाही. जुन्या १८६५ च्या कॅरियर्स ॲक्टखालीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच सांगितलं होतं की ओनर्स रिस्कवर माल घेतला तरी निष्काळजीपणाची जबाबदारी वाहतूकदारावर राहते. आत्ताच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नुकसान त्यांच्या निष्काळजीपणाने झालं हे तुम्हाला सिद्ध करावंही लागत नाही.

दुसरं, "पाऊस होता, आमच्या हातात काय?" दैवी आपत्तीसाठी कायद्यात सूट आहे, पण जूनमध्ये कोल्हापूरच्या रस्त्यावर पाऊस पडणं ही अचानक कोसळलेली आपत्ती नव्हे. ताडपत्री फाटकी असणं, फाळक्याच्या फटीतून पाणी येणं, पेट्यांवर जड माल रचणं ही गाडी भरणाऱ्याची कामं आहेत. गाडी उभी असतानाच ताडपत्रीचा आणि गाडीच्या तळाचा फोटो काढला असेल तर तो आवर्जून जोडा. पुढच्या वेळेपासून उतरवणी सुरू करण्याआधी हा एक फोटो काढायची सवय गेटवरच्या माणसाला लावा.

तिसरं, "पॅकिंगच कच्चं होतं." हे कधीकधी खरं असतं. उत्तर तुमच्याच ११६ पेट्यांत आहे: त्याच खोक्यातल्या, त्याच थप्पीतल्या १०५ पेट्या काहीही न होता आल्या. ही ओळ उत्तराला उत्तर देताना वापरा, पहिल्या पत्रात नको. पहिल्या पत्रात समोरच्याचे आक्षेप आपणच मांडून खोडत बसलं की पत्र लांबतं आणि त्यांना नवे आक्षेप सुचतात.

आता मर्यादा. कलम १० आणि २०११ च्या नियमांमधला नियम १२ यांनुसार, बुकिंगच्या वेळी जादा जोखमीचा दर कबूल केलेला नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि तीही माल पाठवणाऱ्याने बुकिंगला भरून दिलेल्या फॉरवर्डिंग नोटवर जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. तुमचं भाडं १०,२००, दहापट १,०२,०००. तुमचा क्लेम त्याच्या आत आहे, त्यामुळे या वेळी ही मर्यादा आड येत नाही. पण निम्मा माल, म्हणजे ६० पेट्या गेल्या असत्या तर नुकसान २,५४,८८० रुपयांचं आणि हक्क मात्र १,०२,००० चा, असं झालं असतं. बल्बसारख्या हलक्या पण किमती मालाचं भाडं मालाच्या मानाने कमी असतं, त्यामुळे ही दरी मोठी राहते. ती फक्त विम्याने भरते, हे शेठना आकड्यांसकट दाखवा.

ट्रान्झिट विमा असेल तर पत्राइतकीच घाई विमा कंपनीला कळवण्याची करा. विमा कंपनी तुम्हाला पैसे देऊन नंतर तुमच्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्टरकडून वसूल करते. तो हक्क तुम्ही जपला नाही, म्हणजे वेळेत नोटीस दिली नाही किंवा परस्पर तडजोड केली, तर ती तुमचा क्लेम कापू शकते किंवा नाकारू शकते. तिला तुमच्या पत्राची पोच आणि ट्रान्सपोर्टरचं शॉर्ट-डॅमेज सर्टिफिकेट लागेल. हे सर्टिफिकेट शाखेतून मागा. बऱ्याच शाखा क्लेमचे पैसे देण्यापेक्षा सर्टिफिकेट लवकर देतात.

भाड्यातून परस्पर कापून घ्यायचा मोह होईल, विशेषतः महिन्याच्या बिलावर काम चालत असेल तर. मी तसं करायच्या विरुद्ध आहे. भाडं थकलं की बोलणं मालाच्या तुटीवरून थकबाकीवर सरकतं आणि पुढच्या गाडीची डिलिव्हरी अडते. त्यांनी क्लेम लेखी मान्य केला की त्या रकमेची डेबिट नोट काढून बिलात वळती करा, ते दोघांनाही सोपं पडतं.

शेवटी तडजोडीचा कागद. शाखा बहुधा काहीतरी कमी रक्कम देऊ करेल, समजा २५,०००, आणि व्हाउचरवर "फुल अँड फायनल" लिहिलेलं असेल. आधी विचारा की ही रक्कम कोणत्या बाबीची. बाब १, २ आणि ४ मिळून ३२,११५.०४ होतात. एवढे मिळत असतील आणि अडचण फक्त बाब ३ ची असेल, तर शेठशी बोलून सोडून देणं मला रास्त वाटतं, कारण तो पुरावा मुळातच पातळ आहे. त्याहून कमी असेल तर व्हाउचरवर "बाब १ पोटी, इतर बाबींचा हक्क राखून" असं हाताने लिहून सही करा. ते तसं घेत नसतील तर सही करू नका. विम्याचा क्लेम चालू असेल तर विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याच व्हाउचरवर सही नको.